५०० ला घेतलेला शेअर ३०० वर आला, तरी विकवत का नाही?

प्रश्न: दहा महिन्यांपूर्वी दोन शेअर घेतले, प्रत्येकी एक लाखाचे. एक १ लाख ४५ हजारांवर गेला, तो गेल्या महिन्यात लगेच विकून टाकला. दुसरा ५०० ला घेतला होता, २०० नग. तो आज ३०० वर आहे. बायको म्हणते विकून मोकळे व्हा, पण हात धजत नाही. "५०० आला की विकेन" असं ठरवून बसलोय. यालाच लॉस अव्हर्जन म्हणतात का? आणि आणखी २०० नग घेऊन ॲव्हरेज करू का?

उत्तर:

लॉस अव्हर्जन हे अर्धंच कारण आहे. तुमचा हात ज्यामुळे अडतो ती गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि ती समजली तर ॲव्हरेजच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच सापडेल.

लॉस अव्हर्जन म्हणजे एवढंच, की हजार रुपये गेल्याचं दुःख हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. पण नीट विचार करा. तोट्याची भीती हेच एकमेव कारण असतं, तर आणखी तोटा होऊ नये म्हणून तुम्ही ३०० ला घाईघाईने बाहेर पडला असता. तुम्ही उलटं करताय. नफ्यात होतात तेव्हा जोखीम नको म्हणून पटकन विकलंत आणि तोट्यात आल्यावर जोखीम घेऊन बसलात. एकाच माणसाच्या या दोन वागण्यांचं स्पष्टीकरण मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली 'इकॉनॉमेट्रिका' या नियतकालिकात मांडलं. तीच प्रॉस्पेक्ट थिअरी.

त्यांनी इस्रायलमधल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना साधे प्रश्न विचारले. पहिला प्रश्न: हमखास ३,००० इस्रायली पौंड घेणार, की ८० टक्के शक्यतेने ४,००० मिळतील आणि २० टक्के शक्यतेने काहीच मिळणार नाही, अशी पैज लावणार? तिथल्या कुटुंबाचं महिन्याचं उत्पन्न तेव्हा साधारण ३,००० पौंड होतं, त्यामुळे रक्कम किरकोळ नव्हती. पैजेची सरासरी ३,२०० पडते, म्हणजे हिशेबाने पैज सरस. तरी ८० टक्के लोकांनी हमखास ३,००० घेतले. मग तोच प्रश्न तोट्याच्या बाजूने विचारला: हमखास ३,००० गमावणार, की ८० टक्के शक्यतेने ४,००० गमावण्याचा आणि २० टक्के शक्यतेने सहीसलामत सुटण्याचा धोका पत्करणार? आता पैज हिशेबाने तोट्याची, आणि नेमके ९२ टक्के लोक तिच्याकडे गेले. सुटण्याची २० टक्के आशा त्यांना सोडवेना.

तुमचं "५०० आला की विकेन" हे याच ९२ टक्क्यांतलं उत्तर आहे.

यामागे दोन गोष्टी आहेत. पहिली, मन पैसा एकूण संपत्तीत मोजत नाही. ते एक खूण धरतं आणि तिच्यापासून किती वर किंवा किती खाली एवढंच बघतं. शेअरच्या बाबतीत ही खूण बहुतेक वेळा खरेदीभाव असते. तुमच्या डोक्यात ५०० म्हणजे शून्य. बाजाराला मात्र त्या ५०० चा पत्ताही नाही. कंपनीच्या पुढच्या तिमाहीच्या निकालात तुमचा खरेदीभाव कुठेच येत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. त्या खुणेपासून जितकं लांब जावं तितकी प्रत्येक पुढच्या रुपयाची जाणीव बोथट होत जाते. ५०० चा ४९० झाला त्या दिवशी तुम्ही दोनदा ॲप उघडलं असेल. ३१० चा ३०० झाला तेव्हा तितकं लागलं नसेल, पैसे मात्र तेवढेच गेले, २,००० रुपये. खोल तोट्यात असलेल्या माणसाला आणखी तोटा फारसा बोचत नाही, पण खुणेपर्यंत परत जाणं फार मोठं वाटतं. म्हणून तो जुगार खेळायला तयार होतो.

हे आकड्यांत बघू. १९९२ च्या पुढच्या शोधनिबंधात काहनेमान आणि ट्वेर्स्की यांनी सूत्रच दिलं: नफ्याचं वजन काढायला रकमेचा ०.८८ वा घात घ्यायचा, आणि तोट्याला तोच घात घेऊन वर २.२५ ने गुणायचं. तुमचा शेअर आज ४० हजारांच्या तोट्यात आहे. पुढे दोनच शक्यता धरू, दोन्ही निम्म्या-निम्म्या: एकतर तो परत ५०० ला जाईल आणि तोटा शून्य होईल, नाहीतर १०० ला जाईल आणि तोटा ८० हजार होईल. सरासरी तोटा ४० हजारच, म्हणजे आज विकणं आणि थांबणं हिशेबाने अगदी सारखं. सूत्रात रकमा हजारांत घातल्या तर ४० हजारांच्या तोट्याचं दुःख ५८ येतं. ८० हजारांचं ११६ यायला हवं होतं, पण येतं १०६, आणि त्याची शक्यता निम्मी म्हणून ५३. विकण्याचं दुःख ५८, थांबण्याचं ५३. मन थांबतं.

आता हेच गणित तुमच्या पहिल्या शेअरच्या बाजूला न्या. सोयीसाठी तिथेही ४० हजारांचा नफा धरू. पुढे निम्मी शक्यता ८० हजार होण्याची, निम्मी सगळा नफा जाण्याची. ४० हजारांचा आनंद २६. ८० हजारांचा ४७, त्याचा निम्मा साडेतेवीस. इथे विकण्याचं पारडं जड ठरतं आणि मन विकतं. म्हणून पहिला शेअर गेला आणि दुसरा राहिला. गणित एकच आहे, फक्त खुणेची बाजू बदलली.

याची किंमतही काढता येते. तोट्याच्या उदाहरणात शेअर पडण्याची शक्यता ५० ऐवजी ५४ टक्के केली, तरी सूत्राप्रमाणे थांबणंच किंचित कमी दुखतं. पण ५४ टक्क्यांना सरासरी तोटा ४३,२०० होतो. म्हणजे "मी तोटा बुक केला" हे स्वतःशी कबूल करावं लागू नये, यासाठी माणूस सरासरी ३,२०० रुपये मोजायला तयार असतो. हा २.२५ चा आकडा मात्र दगडावरची रेघ समजू नका. तो बर्कली आणि स्टॅनफर्डच्या २५ पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरांवरून काढलेला मध्यक आहे. तुमचा आकडा दीड असेल, तीनही असेल. वक्राचा आकार महत्त्वाचा.

प्रयोगातली उत्तरं वेगळी आणि खऱ्या पैशातलं वागणं वेगळं, अशी शंका रास्त आहे. तिचं उत्तर टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली दिलं. अमेरिकेतल्या एका डिस्काउंट ब्रोकरकडच्या १०,००० खात्यांचे १९८७ ते १९९३ मधले सौदे त्यांनी तपासले. ज्या दिवशी खात्यात काही ना काही विकलं गेलं, त्या दिवशी हाताशी असलेल्या नफ्यातल्या शेअरपैकी किती विकले आणि तोट्यातल्यांपैकी किती, असा त्यांचा हिशेब होता. नफ्यातले १४.८ टक्के विकले गेले, तोट्यातले ९.८ टक्के. लोकांचा अंदाज बरोबर असेल, तोट्यातले शेअर खरंच वर येणार असतील, हेही त्यांनी पाहिलं. विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात ठेवून दिलेल्या तोट्यातल्या शेअरपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी पुढे गेले. या सवयीला शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी १९८५ मध्येच डिस्पोझिशन इफेक्ट असं नाव दिलं होतं.

ओडीन यांच्या आकड्यांत एक महिना वेगळा निघाला, तो डिसेंबर. अमेरिकेत करवर्ष डिसेंबरला संपतं, आणि त्या महिन्यात लोक तोट्यातले शेअरच जास्त विकत होते. म्हणजे विकायला एक बाहेरचं, हिशेबी कारण मिळालं की तोच हात मोकळा होतो. कराकडे पुढे येतोच.

घराच्या बाजारातही हेच दिसतं. जेनेसोव आणि मेयर यांनी २००१ साली बॉस्टनमधल्या फ्लॅटविक्रीचा अभ्यास केला. ज्यांनी महागात घेतले होते आणि आता तोट्यात विकावे लागणार होते, त्यांनी तशाच दुसऱ्या फ्लॅटच्या मालकांपेक्षा जास्त भाव सांगितला, आणि त्यांचे फ्लॅट जास्त काळ पडून राहिले. ठाण्यात किंवा हिंजवडीत "मी ९५ ला घेतलाय, ९५ च्या खाली देणार नाही" म्हणून बंद ठेवलेले फ्लॅट बघितलेल्यांना हे नवीन नाही. मेंटेनन्स आणि हप्ता दर महिन्याला जातो, पण तो वेगळ्या खात्यात मोजला जातो.

आता ॲव्हरेजचं. ३०० ला आणखी २०० नग घेतले तर तुमच्याकडे ४०० नग होतील, सरासरी भाव ४००. ॲप उघडल्यावर तोटा ४० टक्क्यांऐवजी २५ टक्के दिसेल. आधी खूण गाठायला शेअर ६७ टक्के वाढायला हवा होता, आता ३३ टक्के पुरे. म्हणून बरं वाटतं. पण रुपयांत तोटा तोच, ४० हजार. बदललं ते इतकंच, की तुम्ही खूण स्वतःच ५०० वरून ४०० वर आणली आणि त्यासाठी ६० हजार रुपये आणखी त्याच कंपनीत घातले. शेअर उद्या २०० ला गेला तर आधी ६० हजारांचा तोटा झाला असता, आता ८० हजारांचा होईल. माझ्याकडे येणाऱ्या पोर्टफोलिओंत सगळ्यात मोठी जखम बहुतेक वेळा पहिल्या खरेदीची नसते, तिसऱ्या-चौथ्या ॲव्हरेजची असते. ३०० ला नवे नग घ्यायचेच असतील तर कारण कंपनीबद्दलचं असावं: विक्री, नफा, कर्ज, प्रवर्तकांचे गहाण शेअर. सरासरी भाव खाली आणणं हे कारण होऊ शकत नाही.

याचा शेवट कुठे होऊ शकतो याचं एक उदाहरण अनेक मराठी घरांत आहे. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० च्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचे प्रमुख राणा कपूर यांची मुदत जानेवारी २०१९ पर्यंतच ठेवायची असं कळवलं आणि २१ सप्टेंबरला एका दिवसात शेअर तीस टक्क्यांच्या जवळपास पडला. खरी बातमी त्या दिवशी आली होती. पण ३८० ला घेतलेल्याच्या मनात तेव्हा "३८० आला की विकेन" एवढंच होतं. पुढे दीड वर्षं शेअर उतरत राहिला आणि प्रत्येक पायरीवर तो "आता स्वस्त" दिसत होता. ५ मार्च २०२० ला बँकेवर निर्बंध आले, ठेवीदारांना ५० हजारांच्या वर पैसे काढता येईनात, आणि दुसऱ्या दिवशी शेअर १६ च्या आसपास बंद झाला. त्यानंतरच्या पुनर्रचनेत १०० किंवा त्याहून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. विकायची इच्छा झाली तरी विकता येत नव्हते. दिवाण हाउसिंगमध्ये तर २०२१ च्या दिवाळखोरी योजनेत शेअरधारकांच्या हाती शून्य आलं आणि शेअर बाजारातूनच काढला गेला. "कधीतरी परत येईल" हे वाक्य तिथे कायमचं संपलं.

शेअर दोन-पाच रुपयांवर आला की आणखी एक गोष्ट घडते. आता कुणी विकत नाही, कारण "जाऊन जाऊन काय जाणार, आणि चुकून वाढला तर?" हा प्रॉस्पेक्ट थिअरीचा दुसरा भाग: अगदी लहान शक्यता मनात फुगते. १९७९ च्या प्रयोगात हजारात एक शक्यतेने ५,००० मिळतील, या पैजेला ७२ टक्के लोकांनी हमखास ५ पौंडांपेक्षा पसंत केलं. दोन्हींची सरासरी एकच होती.

थांबणं नेहमीच चूक असतं असं मात्र नाही. मार्च २०२० मध्ये निफ्टी ७,६१० वर बंद झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जानेवारीची पातळी ओलांडून गेला. इंडेक्स फंडात थांबलेला माणूस बरोबर ठरला. फरक असा, की इंडेक्स पन्नास कंपन्यांचा असतो आणि त्यातल्या बुडणाऱ्या कंपन्या बदलल्या जातात. एकट्या कंपनीला परत यायची सक्ती नाही.

सिद्धान्तालाही मर्यादा आहेत. बार्बेरिस आणि झिओंग यांनी २००९ मध्ये दाखवलं, की वरचं गणित वर्षभराच्या नफा-तोट्याला सरळ लावलं तर कधीकधी उलटं भाकीत येतं, म्हणजे नफ्यातले शेअर ठेवावेत आणि तोट्यातले विकावेत. दुखणं कागदावरच्या तोट्याचं नसून प्रत्यक्ष विकण्याच्या क्षणाचं आहे असं धरलं, की भाकीत पुन्हा जुळतं. मला हे पटतं, कारण ३०० चा भाव माणूस रोज बघू शकतो. 'सेल' दाबणंच जड जातं. आणखी एक शोध यालाच जोडून आहे. चँग, सॉलोमन आणि वेस्टरफील्ड यांना २०१६ मध्ये आढळलं, की व्यवस्थापक चालवत असलेल्या म्युच्युअल फंडांत हीच माणसं उलट वागतात, तोट्यातला फंड आधी विकतात. तिथे दोष फंड मॅनेजरवर टाकता येतो. स्वतः निवडलेल्या शेअरच्या तोट्यात "माझं चुकलं" असतं, आणि आपण ते टाळत असतो.

मग काय करायचं? खूण बदलायची. तुमच्या ॲपमध्ये होल्डिंग्जच्या पानावर खरेदीभाव आणि लाल टक्के ठळक दिसतात. ते पान बंद करा आणि कागदावर फक्त एवढं लिहा: आज ६० हजार रुपये आहेत. आता स्वतःला विचारा, खात्यात ६० हजार रोख असते, हा शेअर कधीच घेतला नसता, तर आज ३०० ला २०० नग घेतले असते का? उत्तर "हो" असेल तर कारण तीन ओळींत लिहून ठेवा, आणि ते कारण कोणत्या घटनेने खोटं ठरेल तेही लिहा, जसं सलग दोन तिमाहींत विक्री घटली तर. उत्तर "नाही" असेल तर तुम्ही रोज सकाळी नको असलेला शेअर ३०० ला विकत घेताय. उत्तर "माहीत नाही" असेल, आणि बहुतेकांचं तेच येतं, तर १०० नग विका. अर्धी विक्री हिशेबाने फारशी देखणी नाही, पण "माझं चुकलं" हा क्षण ओलांडला की उरलेल्या १०० नगांकडे माणूस बराच स्वच्छ बघतो, हे मी वारंवार पाहिलंय.

आणि आता कर, कारण तुमच्या बाबतीत तो सगळ्यात निकडीचा आहे. पहिला शेअर बारा महिन्यांच्या आत विकलात, म्हणजे ४५ हजारांचा अल्पकालीन भांडवली नफा. तुमचं बाकीचं उत्पन्न करपात्र आहे असं धरलं तर त्यावर २० टक्के कर आणि करावर ४ टक्के सेस, म्हणजे ९,३६० रुपये. दुसरा शेअर त्याच आर्थिक वर्षात आणि बारा महिने भरायच्या आत ३०० ला विकलात, तर ४० हजारांचा अल्पकालीन तोटा या नफ्यातून वजा होतो. कर उरतो ५ हजारांवर, १,०४० रुपये. वाचले ८,३२०. दलाली आणि इतर शुल्कांनी आकडे थोडे हलतील, पण फारसे नाहीत.

तुमच्याकडे जास्तीत जास्त दोन महिने आहेत, आणि ३१ मार्च त्याआधी येत असेल तर तेवढेही नाहीत. बारा महिने उलटले की हाच तोटा दीर्घकालीन होतो आणि तो फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा करता येतो. तुमचा नफा अल्पकालीन आहे, त्याला तो चालणार नाही. आठ वर्षं पुढे नेता येतो, तेही विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. थोडक्यात, "५०० ची वाट बघू" म्हणताना तुम्ही ८,३२० रुपयेही पणाला लावताय, म्हणजे प्रत्येक नगामागे ४१ रुपयांच्या वर. आज ३०० ला विकलंत तर तुमच्या हाती प्रत्यक्षात जवळपास ३४१ पडतात. ४१ रुपयांची ही सूट मुदतीनंतर मिळणार नाही. तेव्हा नंतर थांबायचं असेल, तर शेअर ३४१ च्या वर जाईल असं मानायला कारण हवं.

कंपनीवर खरोखर विश्वास असेल तर विकून पुन्हा घेता येतो, पण त्याच दिवशी नको. त्याच दिवशी विकून घेतला तर तो इंट्राडे सौदा धरला जातो आणि तोटा बुक होतच नाही. एक-दोन दिवस जाऊ द्या, म्हणजे विकलेले शेअर डीमॅटमधून जातील. त्या मधल्या दिवसांत भाव वर जाऊ शकतो, हा धोका आहेच. मात्र विकल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा 'बाय' दाबताना हात अडला, तर तो शेअर तुम्हाला नकोच होता असं समजा आणि ६० हजार दुसरीकडे लावा.